फोटोतली सुरी कुणाची? पात्यावरचा शिक्का आणि मुठीतले रिव्हेट कसे वाचावेत

फोटोवरून सुरीचा निर्माता बऱ्याचदा सांगता येतो. पोलाद मात्र क्वचितच नेमकं सांगता येतं. साधं कार्बन पोलाद आहे की स्टेनलेस, इथपर्यंत बऱ्यापैकी खात्रीने पोचता येतं. त्यापुढची ग्रेड पात्यावरच लिहिलेली असेल किंवा मॉडेल क्रमांक वाचता आला, तरच कळते. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण नवखी मंडळी मुठीचा आकार बघून कंपनीचं नाव ठोकून देतात आणि पात्याची चकाकी बघून पोलादाची ग्रेड.

हा लेख एकाच प्रकारच्या सुरीबद्दल आहे: युरोपीय घडणीची, काळ्या किंवा लाकडी मुठीची, मुठीत तीन रिव्हेट असलेली शेफची सुरी. लोक ओळखायला पाठवतात त्या फोटोंत हाच प्रकार सर्वात जास्त दिसतो, आणि सर्वात जास्त गफलतीही इथेच होतात. छिन्नीने नाव कोरलेल्या जपानी सुऱ्यांचा अभ्यास वेगळा, त्यात इथे शिरत नाही.

पायरी १: शिक्का दिसेल असा फोटो

ओळखण्याचं अर्धं काम फोटो काढतानाच होतं. सुरी टेबलावर गडद, बिनचमकीच्या कापडावर आडवी ठेवा. हातात धरून फोटो काढू नका. एक तर बोटाला धोका, दुसरं म्हणजे फोटो हलतो. मोबाइलचा फ्लॅश बंद करा. फ्लॅश समोरून पडतो, पातं आरशासारखं चकाकतं आणि त्या चकाकीत शिक्का नाहीसा होतो.

त्याऐवजी एक टॉर्च घ्या आणि ती पात्याच्या जवळजवळ पातळीत, बाजूने तिरपी धरा. प्रकाश पात्याला घासून गेला की खोलगट अक्षरांच्या एका कडेला सावली पडते आणि झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. आता कॅमेरा न हलवता टॉर्च चार बाजूंनी फिरवा आणि प्रत्येक बाजूने एक फोटो काढा. उभ्या रेषा एका फोटोत दिसतील, आडव्या दुसऱ्यात. झिजलेला शिक्का एकाच फोटोत पूर्ण वाचता येईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

तरीही वाचता येत नसेल तर शिक्क्यावर खडूची पूड हलकेच चोळून वरची पुसून टाका. खाचेत राहिलेली पांढरी पूड अक्षर दाखवते. दुसरा उपाय म्हणजे पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. तारेचा काथ्या, पॉलिश पेस्ट, सँडपेपर यांतलं काहीही लावू नका. कोरीव शिक्का एक वेळ टिकेल, पण ॲसिडने उमटवलेला किंवा छापलेला शिक्का दोन मिनिटांत जाईल आणि मग ओळखायला काही उरणार नाही.

शिक्क्याखेरीज आणखी पाच फोटो हवेत: पात्याची दुसरी बाजू, मुठीच्या दोन्ही बाजू, वरून दिसणारी सुरीची पाठ, आणि मुठीचं मागचं टोक. शेजारी मोजपट्टी ठेवा. पाठीचा फोटो लोक हमखास विसरतात, आणि रिव्हेट खरे की शोभेचे हे नेमकं तिथूनच कळतं.

फोटो दुसऱ्याने पाठवला असेल तर तो उलटा तर नाही ना, ते बघा. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशातल्यासारखा उलटतो आणि अर्धवट दिसणारी अक्षरं भलतीच वाटू लागतात. मग फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि एकदा रंग उलटे करूनही पाहा. उलट्या रंगांत डोळ्याला न जाणवलेली एखादी कड अचानक सापडते.

पायरी २: खूण कशी उमटवली आहे

शब्द वाचण्याआधी खूण कशी केली आहे ते पाहा. साच्याने ठोकलेला शिक्का खोल असतो, त्याच्या कडा किंचित गोलसर असतात आणि अक्षरांची खोली सगळीकडे सारखी नसते; एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला उथळ. ॲसिडने केलेली खूण करड्या रंगाची, उथळ आणि सपाट असते. लेसरची खूण अगदी रेखीव आणि गडद. रंगाने छापलेली खूण आधी धारेच्या बाजूला आणि हाताळणी जास्त होते तिथे उडते.

यावरून निर्माता कळत नाही, पण गोष्ट जुळते की नाही ते कळतं. विकणारा सुरी शंभर वर्षांपूर्वीची म्हणतो आणि खूण काळीभोर रेखीव लेसरची असेल, तर दोन्हींपैकी एक चूक आहे; आणि खूण काही खोटं बोलत नाही.

पायरी ३: शब्दांची चार गटांत विभागणी

पात्यावर जे काही वाचता येतं ते चार गटांत टाका: कंपनी किंवा चिन्ह, ठिकाण, पोलादाबद्दलचा दावा, आणि मॉडेल क्रमांक. बहुतेक चुका एका गटातला शब्द दुसऱ्या गटात टाकल्याने होतात. ‘रोस्टफ्राय’ किंवा ‘इनॉक्स’ ही कंपनी आहे असं समजून शोध घेणारे कितीतरी भेटतात. पहिला शब्द जर्मन, दुसरा फ्रेंचमधून आलेला, आणि दोन्हींचा अर्थ एवढाच की पोलाद स्टेनलेस आहे. ‘नो स्टेन’ हेही तेच.

ठिकाणाच्या गटात सर्वात वजनदार शब्द म्हणजे झोलिंगन, इंग्रजी वळणाने सोलिंगन. जर्मनीतल्या या शहराच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. उत्पादनाचे महत्त्वाचे टप्पे त्या भागात झाले असतील तरच ते नाव पात्यावर टाकता येतं. म्हणून हा शब्द खरा असेल तर सुरी तिथलीच. पण तिथे शेकडो कारखाने होऊन गेले, तेव्हा नुसत्या ‘झोलिंगन’वरून कंपनी ठरत नाही. शिवाय ‘जर्मन स्टील’ हा शब्दप्रयोग वेगळा आहे. तो पोलाद कुठलं ते सांगतो, सुरी कुठे बनली ते नाही. पोलाद जर्मनीचं आणि सुरी दुसऱ्याच देशातली, हे सर्रास घडतं.

ठिकाणावरून काळही कळतो. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर सुरी १९४९ ते १९९० या काळातली. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव टाकणं १८९१ पासून सक्तीचं झालं. तेव्हा तिथे विकलेल्या सुरीवर इंग्रजीत देशाचं नाव असेल तर ती सहसा त्यानंतरची. आणि ‘स्टेनलेस’ हा शब्द असलेली सुरी १९१३ च्या आधीची असूच शकत नाही, कारण इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी ते पोलाद ओतलं ते त्या वर्षी. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचं नावच याची साक्ष देतं: संस्थापकाच्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि पुढे ‘इनॉक्स’. हे जोडनाव १९२१ चं, त्यामुळे ते पूर्ण नाव असलेलं पातं त्याआधीचं नाही.

कंपनीच्या गटात दोन सापळे आहेत. पहिला साबातिए. ही एक कंपनी नाही. फ्रान्समधल्या तिएर भागात हे नाव अनेक घराण्यांनी आणि कारखान्यांनी वापरलं, आणि पुढे इतरत्र बनलेल्या स्वस्त सुऱ्यांवरही ते आलं. म्हणून त्या नावाच्या आधी किंवा वर काय आहे ते वाचा: एखादं सुटं अक्षर, चार तारे आणि हत्ती, सिंह, असं काहीतरी असतं. खरा निर्माता त्या लहानशा चिन्हात आहे. ते झिजलं असेल तर ‘साबातिए नावाची, निर्माता अनिश्चित’ असंच लिहावं लागतं.

दुसरा सापळा हेंकेल्सचा. त्याचं उदाहरण पुढे सविस्तर घेऊ.

पायरी ४: पोलादाचा दावा वाचणं

पात्यावर X50CrMoV15 असं काही दिसलं तर नशीब जोरावर आहे असं समजा. व्ह्यूस्टहोफच्या, म्हणजे त्रिशूळ चिन्हाच्या, पुष्कळ सुऱ्यांवर ते स्पष्ट असतं. वाचायची रीत सोपी आहे. सुरुवातीचं X म्हणजे मिश्रधातूंचं प्रमाण जास्त असलेलं पोलाद. ५० हा कार्बनचा आकडा, शंभराने भागायचा: ०.५० टक्के. मग मिसळलेल्या धातूंची चिन्हं येतात: क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम. शेवटचे १५ म्हणजे त्यांतल्या पहिल्या धातूचं, क्रोमियमचं, अंदाजे टक्केवारीतलं प्रमाण. हेच पोलाद 1.4116 या क्रमांकानेही ओळखलं जातं. त्यामुळे एका सुरीवर सूत्र आणि दुसरीवर क्रमांक दिसला तर ती दोन वेगळी पोलादं समजू नका. पण या पोलादावरून कंपनी ठरवायलाही जाऊ नका; ते अनेक देशांतले अनेक कारखाने वापरतात.

अमेरिकी पद्धत निराळी. तिथल्या 1095 मध्ये पहिले 10 म्हणजे साधं कार्बन पोलाद आणि 95 म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन. यात क्रोमियम घातलेलं नसतं, त्यामुळे ते गंजतं. ओल्ड हिकरी या सुऱ्या याच पोलादाच्या, आणि त्यांची खूण पात्यापेक्षा लाकडी मुठीवर डागलेल्या नावावरून चटकन पटते.

‘सर्जिकल स्टील’, ‘हाय कार्बन’, ‘सुपीरियर’ हे शब्द ग्रेड नव्हेत, जाहिरात आहे. ‘हाय कार्बन स्टेनलेस’ यातला कामाचा शब्द फक्त ‘स्टेनलेस’. आणि पात्यावर 18/10 दिसलं तर जरा थांबा. ते पोलाद उष्णता देऊन कडक होत नाही, त्याची टिकाऊ धार होत नाही. तो आकडा बहुधा धातूच्या मुठीबद्दल असतो.

काहीच लिहिलेलं नसेल तर रंगाकडे वळा. वापरातलं कार्बन पोलाद एकसारखं चकचकीत राहत नाही. त्यावर करडे, निळसर, कधी तपकिरी ढग असतात, आणि धारेजवळ नव्याने घासलेली पट्टी तेवढी उजळ दिसते. स्टेनलेसवर ओरखडे असतात, पाण्याचे डाग असतात, पण असे ढग नसतात. सुरी तुमच्या हाताशी असेल तर मुठीजवळच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब पाच-दहा मिनिटं ठेवा. खाली करडा डाग उमटला तर कार्बन पोलाद. मग लगेच धुऊन कोरडं करा. सुरी संग्रहमूल्याची वाटत असेल तर हा प्रयोग नको. लोहचुंबकाच्या चाचणीवर अनेकांचा भरवसा असतो, पण तिचा इथे उपयोग नाही: सुरीचं कडक केलेलं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

पायरी ५: रिव्हेट काय सांगतात, काय नाही

आधी रिव्हेट खरे आहेत का ते पाहा. पाठीच्या फोटोत मुठीच्या दोन फळ्यांच्या मधून पोलादाची पट्टी मागच्या टोकापर्यंत जाताना दिसते का? मुठीत शिरणाऱ्या या पोलादी भागाला टँग म्हणतात. ती पट्टी दिसत असेल तर रिव्हेट त्या पट्टीतून आरपार गेलेले आहेत. मूठ सगळीकडून सलग प्लास्टिकची असेल, पट्टी कुठेच दिसत नसेल आणि तरीही बाजूला तीन चकचकीत टिकल्या असतील, तर त्या बहुधा शोभेच्या. मध्ये फक्त दोन किंवा तीन रिव्हेटपर्यंतच जाणारी, अर्ध्या लांबीची पट्टीही असते; ती तितकीच खरी.

मग टिकलीचा व्यास पाहा. कारखान्यातल्या सुरीत सहसा दोन तुकड्यांचा रिव्हेट असतो, एक नळी आणि एक दांडा, दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेले. त्याचं डोकं रुंद, साधारण सहा ते दहा मिलिमीटर, आणि तिन्ही अगदी सारखी. जुन्या किंवा हाताने बनवलेल्या सुरीत नुसती सळई घालून दोन्ही टोकं ठोकलेली असतात. तिची टिकली लहान असते, कड पूर्ण गोल नसते आणि भोवतीच्या लाकडात ठोकण्याने पडलेली बारीक चीर कधी कधी दिसते.

रंगाबाबत एक गंमत सांगतो. पिवळ्या दिव्याखाली स्टीलचा रिव्हेटही फोटोत पितळेचा दिसतो. म्हणून रिव्हेटची तुलना त्याच फोटोतल्या पात्याशी करा. पातंही पिवळट असेल तर दोष दिव्याचा. पातं पांढरं आणि टिकली पिवळी असेल तर पितळ. पितळेच्या कडेला हिरवट थर असेल तर शंकाच नको. पांढऱ्या टिकल्यांमध्ये ॲल्युमिनियम काळानुसार निस्तेज करडं होतं आणि त्यावर बारीक खड्डे पडतात; स्टेनलेस चमक टिकवून ठेवतं.

रिव्हेटचा खरा उपयोग मूठ मूळची आहे की नंतर बदललेली, हे ठरवायला होतो. तीनपैकी एक टिकली वेगळ्या आकाराची, रांग किंचित तिरकी, टिकलीभोवती डिंकाची कड, मुठीची फळी पट्टीच्या बाहेर आलेली, यांतलं काही दिसलं तर मूठ बदललेली असण्याची शक्यता मोठी. मग मुठीवरून कंपनी ठरवायचं सोडून द्या आणि फक्त पात्यावर विसंबा. तीन रिव्हेटची काळी मूठ एकाही कंपनीची मक्तेदारी नाही. व्ह्यूस्टहोफ क्लासिक, झ्विलिंग प्रोफेशनल एस आणि इतर पन्नास सुऱ्या लांबून सारख्याच दिसतात. व्ह्यूस्टहोफच्या मुठीवरचं लाल वर्तुळातलं त्रिशूळ दिसलं तर गोष्ट निराळी.

पायरी ६: एक सुरी अथपासून इतिपर्यंत

समजा, एक फोटो आला आहे. काळी मूठ, तीन पांढरे रिव्हेट, जाड बोल्स्टर, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधला धातूचा गठ्ठा, आणि पातं चकचकीत. पाठवणाऱ्याने लिहिलंय: ‘झ्विलिंग हेंकेल्स, झोलिंगन, जुनी’. शिक्क्यात ‘हेंकेल्स’ वाचता येतंय, वर माणसासारखी आकृती आहे, खाली काही अक्षरं पुसट.

रिव्हेटपासून सुरुवात केली तर काही हाती लागत नाही. पाठीच्या फोटोत टँग शेवटपर्यंत जातो, टिकल्या सारख्या, रांग सरळ, मूठ मूळची. ठीक. पण हेंकेल्सच्या दोन्ही मालिकांत अशी मूठ मिळते.

निर्णय आकृतीवर आहे. पीटर हेंकेल्स यांनी १३ जून १७३१ रोजी झोलिंगनमध्ये नोंदवलेलं चिन्ह जुळ्यांचं आहे, म्हणजे दोन माणसं. जर्मन भाषेत झ्विलिंग म्हणजे जुळा. त्याच कंपनीची दुसरी, स्वस्त मालिका हेंकेल्स इंटरनॅशनल. तिच्या चिन्हात एकच माणूस असतो, आणि त्या सुऱ्या स्पेन, चीन अशा देशांत बनत आल्या आहेत. पाठवलेल्या फोटोत आकृती एक पांढरा ठिपका झाली आहे. फ्लॅशच्या चकाकीत दोन माणसं सहज एक दिसतात. इथे अंदाज बांधायचा नाही, तिरप्या टॉर्चने दुसरा फोटो मागायचा.

दुसऱ्या फोटोत आकृती मोठी करून पाय मोजा. डोकी आणि हात झिजून एकमेकांत मिसळतात, पण पायांमधली मोकळी जागा बराच काळ टिकते. इथे दोनच पाय, म्हणजे माणूस एकच. टॉर्च उलट बाजूने धरलेल्या फोटोत खालच्या पुसट ओळीतून ‘इंटरनॅशनल’ची शेवटची अक्षरं सुटी होतात, आणि पात्याच्या दुसऱ्या बाजूला ‘स्पेन’ व 31161-201 असा क्रमांक सापडतो. या कंपनीच्या क्रमांकात पहिले पाच आकडे मालिका आणि सुरीचा प्रकार सांगतात, शेवटचे तीन साधारण पात्याची मिलिमीटरमधली लांबी. 201 म्हणजे २० सेंटिमीटरची सुरी. शेजारच्या मोजपट्टीवर पातं तेवढंच भरतं. धार लावून लावून पातं आखूड झालं असतं तर इथे फरक दिसला असता. हा क्रमांक इंटरनॅशनलच्या क्लासिक मालिकेतल्या शेफच्या सुरीचा.

आता पोलाद. पात्यावर सूत्र नाही, ग्रेड नाही. चकाकी एकसारखी, ढग नाहीत, आणि ‘स्टेनलेस’ शब्द वाचता येतो. म्हणजे स्टेनलेस इतकं पक्कं. ‘X50CrMoV15 असणार’ असं म्हणण्याचा मोह होतो, कारण या वर्गातल्या सुऱ्यांत ते पोलाद खूप दिसतं, पण या फोटोत त्याचा पुरावा नाही. पाठवणाऱ्याला उत्तर असं जातं:

‘निर्माता: हेंकेल्स इंटरनॅशनल, एका माणसाचं चिन्ह, नक्की. मालिका: क्लासिक, क्रमांकावरून. बनावट स्पेनमधली, झोलिंगनची नाही. मूठ मूळची. पोलाद: स्टेनलेस, ग्रेड फोटोवरून ठरत नाही. “जुनी” म्हणण्याला आधार दिसत नाही. बिल किंवा खोका असेल तर त्याचा फोटो पाठवा.’